कापड किती आटतं आणि किती जास्त घ्यावं: कुर्ता, ब्लाउज, पडदे शिवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सुती कापड घरी शिवणाऱ्यांसाठी आणि शिंप्याकडे टाकण्याआधी दुकानात किती मीटर मागायचं या विचारात असणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. मुख्य उदाहरण हातमागाच्या सुती कुर्त्याचं घेतलं आहे, कारण अंदाज सगळ्यात जास्त चुकतो तो तिथेच. हिशेब सेंटीमीटरमध्ये आहेत. पन्हा मात्र दुकानात इंचातच बोलला जातो, म्हणून तो तसाच ठेवला आहे.

कापड आटतं म्हणजे नेमकं काय होतं?

मागावर ताण्याचे, म्हणजे उभे धागे, घट्ट ताणून धरलेले असतात. बाणा, म्हणजे आडवा धागा, त्यांच्या वरून-खालून जातो, पण ताण असल्यामुळे उभे धागे जवळजवळ सरळच राहतात. पुढे रंगाई, छपाई आणि वाळवणी होते तेव्हाही कापड लांबीच्या दिशेनेच ओढलं जातं. वर खळ बसते आणि सगळं त्या ओढलेल्या अवस्थेत धरून ठेवलं जातं. दुकानात गुंडाळी उलगडून मोजतात ते हे ओढलेलं कापड.

पाण्यात पडल्यावर खळ विरघळते आणि सुती तंतू पाणी पिऊन फुगतात. धागा जाड झाला की त्याच्यावरून वळसा घेणाऱ्या दुसऱ्या धाग्याला जास्त वाट लागते. तो वळसा कुठून तरी भरून काढायचा असतो, म्हणून कापडाची लांबी कमी होते. धागा स्वतः फारसा तोकडा होत नाही, तो जास्त नागमोडी होतो. म्हणूनच आटलेलं कापड हाताला थोडं जाड आणि भरीव लागतं. खळीचं कापड मात्र खळ गेल्यावर आधी पातळ वाटतं, त्याने फसू नका.

यातून एक गोष्ट लगेच कळते. ताण लांबीच्या दिशेने जास्त असतो, म्हणून बहुतेक सुती कापड लांबीत जास्त आणि पन्ह्यात कमी आटतं. कमी आटतं याचा अर्थ आटत नाही असा नव्हे. सगळ्यात महागात पडणारी चूक पन्ह्याचीच असते, ती खालच्या उदाहरणात दिसेल.

कोणतं कापड साधारण किती टक्के आटतं?

गिरणीत आधीच आटवलेलं चांगलं पॉपलिन किंवा शर्टिंग 1 ते 2 टक्के. रोजचं सुती छापील कापड, कॅम्ब्रिक, अस्तर 3 ते 5 टक्के. हातमाग, खादी, मांजरपाट अशी प्रक्रिया न झालेली किंवा कमी झालेली कापडं 5 ते 10 टक्के. रेयॉनचं काही खरं नाही. ते कधी 3 टक्क्यांवर थांबतं, कधी 8 पर्यंत जातं, आणि एका धुण्यात सगळं आटून मोकळं होत नाही. निव्वळ पॉलिस्टर रोजच्या धुण्यात 1 टक्क्याच्या आतच राहतं.

हे आकडे दुकानात उभं असताना अंदाज बांधायला ठीक आहेत. एकाच नावाची दोन कापडं मात्र वेगळी वागतात, कारण आटणं नावावर नाही, शेवटच्या प्रक्रियेवर ठरतं. त्याच दुकानातलं निळं कॅम्ब्रिक 3 टक्के आणि शेजारचं मरून कॅम्ब्रिक 5 टक्के आटलं, तर त्यात नवल काही नाही. मोठं काम असेल तर तुकडा धुऊनच बघा.

‘सॅन्फोराइज्ड’ लिहिलेलं असेल तर धुवायची गरज नाही का?

या प्रक्रियेला सॅनफर्ड क्लूएट या अमेरिकी संशोधकाचं नाव मिळालं आहे. 1930च्या सुमारास त्याने तिचं पेटंट घेतलं. ओलसर कापड जाड रबरी पट्ट्यावर बसवतात. पट्टा वळणावरून जाताना त्याचा बाहेरचा पृष्ठभाग आधी ताणला जातो आणि मग आखडतो, त्याबरोबर कापडही लांबीत दाबलं जातं. म्हणजे जे आटणं तुमच्या बादलीत झालं असतं, ते गिरणीतच उरकलं जातं. नीट केलेल्या कापडात पुढे 1 टक्क्याच्या आसपासच आटणं उरतं.

तेव्हा अशा कापडाच्या शर्टासाठी जास्तीची लांबी घेऊ नका. पण त्याला साधं सुती अस्तर किंवा वेगळ्या कापडाची पट्टी लागणार असेल, तर ते दुसरं कापड धुवावंच लागेल. किनारीवर काही छापलेलं नसेल आणि दुकानदार तोंडी ‘आटणार नाही’ म्हणत असेल, तर 4 टक्के धरून चाला.

माझं कापड किती आटेल हे घरी कसं काढायचं?

पाव मीटर कापड आधी विकत घ्या. पूर्ण पन्ह्याचा पाव मीटर मिळाला की दोन्ही दिशा तपासता येतात. किनार ज्या दिशेने जाते ती लांबी, हे कोपऱ्यात पेनाने बाणाची खूण करून नोंदवा. धुतल्यानंतर, विशेषतः किनार कापून टाकली असेल तर, कोणती दिशा कोणती हे हमखास विसरायला होतं.

कडा सुटू नयेत म्हणून इंटरलॉक करा किंवा हाताने मोठे टाके घाला. मग कडेपासून किमान 2 सेंमी आत, 20 सेंमी बाजूचा चौकोन आखा. चारी कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर रंगीत दोऱ्याची एकेक गाठ मारा. ओळीने धावदोरा घालू नका, तो कापडाला धरून ठेवतो आणि आकडा चुकतो. पेन्सिलीची खूण धुण्यात जाते.

आता हा तुकडा कपडा जसा धुणार तसाच धुवा. घरी गरम पाण्याची सायकल चालत असेल तर गरम पाणी, हाताने थंड पाण्यात धुणार असाल तर थंड. आडवा पसरून वाळवा. थोडा ओलसर असताना इस्त्री ठेवून उचला, घासत ओढू नका. तासभर थंड होऊ द्या आणि मग मोजा.

लांबीच्या दिशेने तीन ठिकाणी मापं घ्या: डावी बाजू, मध्य, उजवी बाजू. तशीच तीन पन्ह्याच्या दिशेने. समजा लांबीत 18.8, 18.9 आणि 18.7 आली. सरासरी 18.8, म्हणजे 20 मधून 1.2 सेंमी गेले. 1.2 भागिले 20 गुणिले 100, म्हणजे 6 टक्के. 20 सेंमीचा चौकोन घेतला की मनातल्या मनात हिशेब होतो: प्रत्येक 2 मिलिमीटरला 1 टक्का.

मोजण्यात 1 मिलिमीटर चुकला तर अर्धा टक्का चुकतो, आणि 3 मीटर कापडात तो दीड सेंमी होतो. पडद्यांसारखं बरंच कापड लागणार असेल तर 50 सेंमीचा चौकोन घ्या. त्यासाठी अर्ध्या मीटरपेक्षा थोडा जास्त तुकडा लागेल.

6 टक्के आटतं, मग 6 टक्के जास्त घेतलं की झालं?

जवळजवळ, पण पूर्ण नाही. आटणं विकत घेतलेल्या लांबीवर मोजलं जातं, तुम्हाला हव्या असलेल्या लांबीवर नाही. म्हणून गुणायचं नाही, भागायचं. धुतल्यानंतर जी लांबी हवी, ती 100 वजा टक्केवारीने भागा आणि 100 ने गुणा.

धुतल्यावर 282 सेंमी हवेत आणि कापड 6 टक्के आटतं. 282 भागिले 94 गुणिले 100, म्हणजे बरोबर 300 सेंमी. नुसते 6 टक्के वाढवले असते तर 299 आले असते, फरक एका सेंटीमीटरचा. कमी आटणाऱ्या कापडात हा फरक सोडून दिला तरी चालतो. पण मांजरपाट 10 टक्के आटलं तर 282 साठी 313 लागतात आणि साध्या बेरजेने 310 येतात. ते 3 सेंमी म्हणजे कुर्त्याची जवळजवळ पूर्ण दुमड.

एक अख्खा कुर्ता धरून हिशेब दाखवाल का?

तयार लांबी 110 सेंमी, पाऊण बाही 45 सेंमी, हातमागाचं सुती कापड, पन्हा 40 इंच म्हणजे 101.6 सेंमी. तुकडा धुऊन लांबीत 6 आणि पन्ह्यात 4 टक्के आले.

पुढचा भाग: 110 मध्ये खालची दुमड 4 आणि खांद्याची शिवण 2 मिळवली की 116. मागचा भागही 116. दोन्ही मिळून 232. घेर धरून प्रत्येक भागाची रुंदी 60 सेंमी लागते. बाही: 45 मध्ये दुमड आणि शिवण मिळून 5, म्हणजे 50 लांब आणि 38 रुंद.

न धुतलेल्या कापडावर ही मांडणी छान बसते. 60 चा पुढचा भाग आणि शेजारी 38 ची बाही, मिळून 98. पन्हा 101.6 आहे. दोन्ही बाह्या पुढच्या-मागच्या भागाच्या शेजारीच निघतात आणि 232 सेंमीत कुर्ता होतो. शिंपीही दुकानातल्या पन्ह्यावर हाच अंदाज सांगेल.

आता धुतलेला पन्हा बघा. 101.6 चे 4 टक्के गेले की 97.5 उरतात, आणि त्यातही दोन्हीकडची किनार वापरता येत नाही. 98 बसत नाहीत. बाह्या शेजारून उठून खाली येतात. दोन बाह्या एकमेकींच्या बाजूला 76 सेंमीत मावतात, पण त्यासाठी लांबीत 50 सेंमी वाढतात. 232 चे 282 झाले ते पन्ह्याच्या 4 टक्क्यांमुळे. लांबीच्या 6 टक्क्यांचा हिशेब अजून लागायचा आहे.

धुतल्यावर टोकं वाकडी होतात. ती सरळ करायला दोन्हीकडे 4 सेंमी धरले तर 290. ते 94 ने भागून 100 ने गुणले की 308.5. म्हणजे दुकानात 3 मीटर 10 सेंमी मागायचे. फक्त लांबीचा विचार करून 232 वर 6 टक्के वाढवणारा अडीच मीटर घेऊन येतो, आणि बाह्या कापताना अडकतो.

यावर एक तोडगा आहे आणि तो शिंप्याशी आधीच बोलायचा. प्रत्येक भागाचा घेर 60 ऐवजी 58 केला तर 58 आणि 38 मिळून 96 होतात. ते 97.5 मध्ये किनार सोडून कसेबसे बसतात. मग पुन्हा 232 वर येता येतं: टोकांचे 8 मिळवून 240, भागून 255.3, म्हणजे 2 मीटर 60 सेंमी. प्रत्येक भागातले हे 2 सेंमी अंगावर कळतही नाहीत, आणि महाग हातमागात अर्धा मीटर वाचतो. पण हे कापड घेण्याआधी ठरलं तरच उपयोग.

दुकानात तुकडा देत नाहीत, मग?

आधी पन्हा स्वतः मोजा, एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत. 44 इंची म्हणून विकलं जाणारं कापड बरेचदा 43 किंवा त्याहून कमी भरतं. मग वरच्या पट्ट्यातला मोठा आकडा धरा: साध्या सुतीला 5, हातमाग-खादीला 10. पन्ह्यासाठी त्याच्या निम्मे ते दोन-तृतीयांश धरले तर सहसा फसत नाही. हा अंदाज चुकलाच तर थोडं कापड उरेल, आणि त्यातून गळ्याची पट्टी किंवा खिसा निघतो.

धुवायचं कसं, नुसतं भिजवलं तर चालेल?

थंड पाण्यात हाताने धुतला जाणारा कपडा असेल तर रात्रभर भिजवणं बऱ्याच अंशी पुरतं. पाणी पूर्ण मुरलं पाहिजे, म्हणून घडी उलगडून सैल बुडवा. खळ असलेल्या कापडावर सुरुवातीला पाणी तरंगतं, ते हाताने दाबून आत घाला. मशीनमध्ये धुतला जाणार असेल तर मात्र कापड मशीनमध्येच घाला, कारण घुसळण्यानेही धागे सैल होऊन आटतात.

हातमाग, खादी आणि रेयॉन दोनदा धुवा, मध्ये पूर्ण वाळवून. रेयॉन ओलं असताना कमकुवत असतं, पिळू नका. पाण्यात मीठ घातल्याने आटणं कमी-जास्त होत नाही, तेवढ्यासाठी ते घालायची गरज नाही.

वाळवताना मीटरभर लांब ओलं कापड एका टोकाने दोरीवर लटकवलं तर स्वतःच्या वजनाने ओढलं जातं आणि आटलेलं लपून राहतं. ते मध्यावर दुमडून टाका किंवा दोन दोऱ्यांवर पसरा. कापण्याआधी एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या रेषेवर टोक सरळ करा. त्यासाठीच ते 4 सेंमी धरले होते.

शिंपी न धुताच कापतो. काय करू?

धुऊन, इस्त्री करून मगच द्या, एवढं सोपं आहे. गडबडीच्या दिवसांत शिंपी हे करायला बसत नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये.

धुता येत नाही असं कापड असेल, म्हणजे आधीच भरतकाम झालेलं किंवा कोऱ्या अवस्थेतच शिवायचं, तर माप वाढवून कापावं लागतं. तेव्हा तोच भागाकार तयार मापाला लावा. 110 सेंमीचा कुर्ता 6 टक्के आटणार असेल तर शिवताना लांबी 117 हवी. 110 ची शिवली तर पहिल्या धुण्यानंतर 103.4 उरेल. छातीलाही पन्ह्याची टक्केवारी लावा. 106 सेंमीचा तयार घेर 4 टक्क्यांनी 102 वर येतो आणि अंगावरचा सैलपणा जवळपास निम्मा होतो. अशा कपड्यात दोन्ही बगलांत आणि खाली जादा शिवण ठेवायला सांगा.

ब्लाउजचं अस्तर आणि साडीचा फॉल यांनाही भिजवायचं का?

हो, आणि बाकी काही भिजवलं नाही तरी हे दोन भिजवा. वरचं कापड आटत नाही आणि आतलं आटतं, तेव्हा आतलं कापड वरच्याला ओढून धरतं. ब्लाउजच्या पाठीवर आडव्या सुरकुत्या पडतात, आणि कितीही इस्त्री केली तरी त्या परत येतात. 38 सेंमीचं अस्तर 5 टक्के आटलं तर जवळजवळ 2 सेंमी कमी होतं. तेवढं वरचं कापड गोळा होऊन बसतं.

फॉल साधारण अडीच मीटर असतो. सुती फॉल 3 टक्के आटला तरी साडे सात सेंमी जातात आणि साडीची कड चुणीसारखी आखडते. घडी न मोडता पाण्यात बुडवून, वाळवून, इस्त्री करून लावला की प्रश्न मिटतो. साडी फक्त ड्रायक्लीन होणार असली तरी हेच करा, कारण घामाचा आणि वाफेच्या इस्त्रीचा ओलावा त्याला लागणारच असतो.

पडद्यांसाठी काही वेगळं?

पडद्याचं कापड धुऊन शिवलं तर खळ आणि चकाकी जाते, म्हणून बरेच जण न धुताच शिवतात. ते चालतं, पण खालची दुमड दुप्पट ठेवा आणि पहिल्या धुण्यापर्यंत ती फक्त कच्च्या टाक्यांनी धरा. 213 सेंमीच्या दाराला वरची पट्टी 10 आणि खालची दुमड 15 मिळवून 238 लागतात. 5 टक्क्यांनी ते 250 होतात. हे 12 सेंमी खालच्या दुमडीतच साठवून ठेवायचे. पहिल्या धुण्यानंतर पडदा टांगून माप घ्या आणि मग पक्की शिलाई मारा.

आटलेला कपडा ओढून परत लांब करता येतो का?

ओलसर असताना दोघांनी धरून हलकं ओढलं आणि इस्त्री केली तर 1-2 टक्के परत येतात. पण गिरणीत जे ताणणं झालं होतं तेच तुम्ही पुन्हा केलं, म्हणून पुढच्या धुण्यात ते पुन्हा जातं. प्रत्येक धुण्यानंतर ओढायची तयारी असेल तरच हा उपाय. नाहीतर दुमड उसवून खालून वेगळी पट्टी लावा. ती पट्टीही आधी धुतलेली हवी.

परदेशात राहणाऱ्या बहिणीसाठी कुर्ता शिवून पाठवते आहे. तिच्याकडे सगळं ड्रायरमध्ये वाळतं.

मग तुमच्या दोरीवर वाळवलेल्या तुकड्याचा आकडा तिला लागू नाही. ड्रायरमध्ये गरम हवेत कपडा सतत आपटत फिरतो. त्याला कुठेच ताण राहत नाही, म्हणून दोरीवर न झालेलं आटणंही तिथे होतं. कापड तिच्यासारखंच वाळवून बघणं उत्तम. ड्रायर असलेल्या ओळखीच्या घरी तुकडा दोनदा फिरवून आणा. ते शक्य नसेल तर घरच्या आकड्यात 2 ते 3 टक्के मिळवा, कापड गरम पाण्यात दोनदा धुवा आणि खालची दुमड 4 ऐवजी 8 सेंमी ठेवा. आणि बहिणीला सांगा की पहिल्या दोन धुण्यांनंतर लांबी मोजून कळवायची, दुमड तोवर उसवायची नाही.